तेर-पैठणच्या मृण्मूर्ती: फोटो आणि मोजमापाच्या परवानगीसाठी संग्रहालयाला पत्र

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी पुरातत्त्वाच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. डिझर्टेशनसाठी विषय घेतलाय सातवाहन काळातल्या केओलिनच्या मृण्मूर्ती, म्हणजे त्या पांढरट, आतून पोकळ, दोन साच्यांत दाबून केलेल्या छोट्या मूर्ती. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्यांचा सुंदर संग्रह आहे, आणि पैठणच्या बाळासाहेब पाटील संग्रहालयातही. दोन्ही राज्य शासनाची. मला निवडक मूर्तींचे फोटो काढायचेत आणि मापं घ्यायचीत. काचेबाहेरून ते होणार नाही, मूर्ती हातात घ्याव्या लागतील.

परवानगीच्या पत्राचा मसुदा असा केलाय:

> प्रति, मा. अभिरक्षक, शासकीय वस्तुसंग्रहालय, तेर.
> विषय: मृण्मूर्तींचे छायाचित्रण व मोजमाप करण्यास परवानगी मिळणेबाबत.
> महोदय, मी पदव्युत्तर पदवीची विद्यार्थिनी असून माझ्या संशोधनासाठी आपल्या संग्रहालयातील मृण्मूर्तींचा सखोल अभ्यास करू इच्छिते. तरी मला सर्व मृण्मूर्तींची छायाचित्रे व मोजमापे घेण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.

मार्गदर्शक सर म्हणाले, "बरं आहे, पण असं पत्र पडून राहतं." काय बदलू? ज्यांनी अशी कामं केली आहेत त्यांनी सांगावं. विशेषतः संग्रहालयात नोकरी केलेलं कुणी असेल तर फार बरं होईल.

दगडूशेठ_नव्हे

एवढा खटाटोप कशाला? दोन हजार वर्षं जुन्या वस्तूवर कुणाचा कॉपीराइट नसतो. सरकारी संग्रहालय म्हणजे जनतेची मालमत्ता. कॅमेऱ्याचं तिकीट काढायचं, फोटो काढायचे, बाहेर पडायचं. आणि नाहीच म्हणाले तर १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, त्यात फोटोला बंदी कुठे आहे ते दाखवा म्हणायचं. माहिती अधिकारात अर्ज टाकला की सुतासारखे सरळ येतात.

जुनी_किल्ली

शेठ, तुमचं अर्धं बरोबर आहे. मूर्तीवर कॉपीराइट नाही, आणि स्वतः काढलेला फोटो काढणाऱ्याचाच. पण ही मुलगी फोटोचा हक्क मागत नाहीये. कपाटाचं कुलूप उघडून वस्तू तिच्या हातात द्या, असं मागतेय. ते तिकिटात येत नाही. कॅमेऱ्याचं तिकीट दालनात उभं राहून काचेतून फोटो काढण्यापुरतं असतं. आणि १९७२ चा कायदा पुरावशेषांची नोंदणी, व्यापार आणि परदेशी नेण्यावरचे निर्बंध यांबद्दल बोलतो. अभ्यासकाला कपाट उघडून द्या किंवा देऊ नका, असं त्यात काही नाही. माहिती अधिकारात कागदाची प्रत मिळते, मूर्ती टेबलावर येत नाही.

आता तेरणाकाठ, तुझ्याकडे वळतो. मी राज्याच्या संग्रहालयांत नोकरी करून निवृत्त झालो. असं पत्र टेबलावर आलं की आतल्या माणसाच्या मनात काय येतं ते सांगतो.

पहिलं, पत्ता. अभिरक्षक स्वतःच्या अखत्यारीत कपाट उघडून बाहेरच्या माणसाला वस्तू हाताळायला देत नाही. पत्र संचालक, पुरातत्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, मुंबई यांच्या नावे कर, विभागप्रमुखांच्या मार्फत पाठव आणि प्रत तेरला व पैठणला दे. दोन्ही एकाच संचालनालयाखाली आहेत, त्यामुळे दोन अर्ज नकोत. एकाच पत्रात दोन्ही ठिकाणं आली की मंजुरीही एकाच कागदावर येते. पाठवण्याआधी तेरला एकदा स्वतः जा, अभिरक्षकांना भेट, विषय सांग. मुंबईहून "अभिप्राय कळवावा" म्हणून कागद खाली येतोच. तो अभिप्राय ज्यांनी द्यायचा त्यांना तू कोण हे आधी माहीत असलं, की कागद चार ओळींत परत जातो.

दुसरं, "सर्व मृण्मूर्ती". हे दोन शब्द वाचले की फाईल बाजूला पडते. सर्व म्हणजे किती? दालनातल्या की कोठारातल्याही? किती दिवस एक माणूस तिच्याजवळ बसवायचा? लहान संग्रहालयात माणसं मोजकी असतात. तिकीट, दालन आणि किल्ली, सगळं त्याच दोघा-तिघांवर. वस्तू कपाटातून काढायची त्यांनी, नोंदवहीशी ताडून पाहायची त्यांनी, परत ठेवायची त्यांनी. एक मूर्ती बाहेर येऊन फोटो-मापं होऊन जागेवर जायला अर्धा तास धर. म्हणजे दिवसाला दहा-बारा, फार तर पंधरा. तू आकडा दिलास की ते दिवस मोजू शकतात. नाही दिलास तर कुणीच जबाबदारी घेत नाही.

नोंदणी क्रमांक दे. ते कसे मिळवायचे असं विचारशील. आधी साध्या तिकिटावर जा आणि दालनातल्या ज्या मूर्ती हव्यात त्या काचेतून टिपून घे. पाटीवर क्रमांक असेल तर तो, नसेल तर कपाट कोणतं, कितवा फळा, डावीकडून कितवी. ती यादी घेऊन अभिरक्षकांना भेट. ते नोंदवहीतून क्रमांक लावून देतील. कोठारातल्या वस्तूंसाठी पत्रातच लिही की "याच प्रकारच्या, कोठारात असलेल्या, अभिरक्षक सुचवतील त्या". आणि त्यालाही आकड्याची मर्यादा घाल.

पाचवड

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या पणजोबांनी एका संग्रहालयाला घरातला ताम्रपट दिला होता. आता घरच्या इतिहासासाठी त्याचा फोटो हवाय. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. वस्तू आमचीच होती, तरी आम्हालाही विद्यार्थ्यांसारखीच परवानगी लागते का?

जुनी_किल्ली

पाचवड, दिली म्हणजे ती संग्रहालयाची झाली, परवानगी लागेलच. पण तुम्हाला नुसता फोटो हवाय, तुमचं काम हिच्यापेक्षा सोपं आहे. पत्रात दात्याचं पूर्ण नाव, गाव आणि साधारण कोणत्या साली दिला ते लिहा. नोंदवहीत वस्तू कुणाकडून आली याचा रकाना असतो, त्यावरून शोधता येतं. "आमचा ताम्रपट" एवढ्यावर कुणी शोधायला बसत नाही. दानपत्राची किंवा आभारपत्राची प्रत घरात सापडली तर जोडा. पुढचं वेगळ्या धाग्यावर बोलू, इथे हिचं काम होऊ दे.

साचेकाम

मी भाजलेल्या मातीच्या वस्तूंवर काम करते, म्हणून मोजमापाबद्दल विचारते. तेरणाकाठ, तू मापं कशासाठी घेणार आहेस? हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. "सखोल अभ्यास" असं लिहिलंस, पण कॅटलॉगसाठी उंची-रुंदी-जाडी हवी असेल तर ती नोंदवहीतच असते, त्यासाठी कुणी वस्तू बाहेर काढून देणार नाही. आणि दुसरं काही हवं असेल तर ते काय, हे सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?

तेरणाकाठ

ताई, कारण आहे. तेरच्या संग्रहातला मोठा भाग लामतुरे यांनी गावातून, पांढरीच्या टेकाडांवरून वर्षानुवर्षं गोळा केलेला आहे. उत्खननात कोणत्या थरात मिळाला असं त्यातल्या बहुतेक वस्तूंबद्दल सांगता येत नाही. मग कोणती मूर्ती आधीची, कोणती नंतरची? पेरिप्लसमध्ये पैठण आणि तगर, म्हणजे तेर, यांची नावं एकापाठोपाठ येतात, दहा दिवसांच्या अंतरावर, आणि दोन्हीकडचा माल भडोचला जायचा असं म्हटलंय. दोन्ही गावांत सारख्या चेहऱ्याच्या मूर्ती दिसतात. मला पाहायचंय की त्या एकाच साच्यातल्या आहेत का, की एका गावच्या मूर्तीवरून दुसऱ्या गावी नवा साचा पाडला गेला. त्यासाठी मापं.

साचेकाम

अगं मग हेच पत्रात लिही! हे वाचल्यावर कुठल्याही अभिरक्षकाला वाटेल की पोरीला काय हवंय ते तिला माहीत आहे.

आता हे काम मापांवर कसं चालतं ते थोडं सविस्तर लिहिते, कारण पत्रात काय मागायचं ते यावरूनच ठरेल.

ओली माती साच्यात दाबली, की वाळताना आणि भाजताना ती आवळते. किती, ते माती आणि तिच्यातल्या पाण्यावर अवलंबून, पण समज सहा टक्के. आता कुणी तयार मूर्ती घेतली, तिच्यावर ओली माती दाबून नवा साचा पाडला आणि तो भाजला. साचा सहा टक्के आवळला. त्या साच्यातून नवी मूर्ती काढली, ती आणखी सहा टक्के आवळली. मूळ मूर्तीचा चेहरा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत ३० मिलिमीटर असेल, तर नव्या पिढीतल्या मूर्तीचा साडेसव्वीस भरेल. साडेतीन मिलिमीटरचा फरक व्हर्निअरवर सहज दिसतो. एकाच साच्यातून निघालेल्या दोन मूर्तींत मात्र असा फरक पडत नाही, अर्ध्या-एक मिलिमीटरच्या आतबाहेर राहतो.

शिवाय पिढी उतरली की नाकाची, दागिन्यांची धार बोथट होते. लहान आणि बोथट असेल तर ती नंतरची पिढी. लहान असून रेषा लखलखीत असतील तर साचा पाडल्यावर कुणीतरी त्यात पुन्हा कोरलंय, किंवा मूळच वेगळं आहे. म्हणून फोटो आणि माप दोन्ही लागतात, एकावर निकाल देता येत नाही.

यातून तुझ्या पत्रासाठी निघतं ते असं. एकूण उंची मागू नकोस, निम्म्या मूर्ती कमरेखाली तुटलेल्या असणार. माप घ्यायचं ते साच्यातच ठरलेल्या खुणांमधलं: हनुवटी ते केसांची रेषा, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे, कर्णभूषणांची मध्यं, हारातल्या पदकापासून हनुवटी. अशी पाच-सहा मापं, प्रत्येक मूर्तीला तीच. आणि सगळी पुढच्या साच्यातली. जाडी आणि बाजूंमधली रुंदी यांवर भिस्त ठेवू नकोस, कारण पुढचा-मागचा भाग जोडताना शिवणीवर कुंभाराने किती दाबलं, किती घासलं त्यावर ती बदलते. एकाच साच्यातल्या दोन मूर्तींची जाडी वेगळी भरू शकते.

आणखी एक. पुनर्मापनासाठी वेळ माग. पहिल्या फेरीतल्या काही मूर्ती दुसऱ्या दिवशी, आधीचे आकडे न बघता, परत मोजायच्या. दोन वेळच्या आकड्यांत जेवढा फरक पडेल तेवढी तुझ्या हाताची चूक. तेवढ्या फरकावरून कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही. परीक्षक हे विचारतातच.

घनमीटर

तेरणाकाठ, व्हर्निअर वगैरे जुनं झालं. वस्तूशेजारी पट्टी ठेवून मोबाईलने वरून फोटो काढा, घरी येऊन संगणकावर मापा. ImageJ फुकट आहे, पट्टीवर रेघ ओढून मिलिमीटर सांगितले की पुढची सगळी मापं क्लिकवर. अर्धा तास कशाला, दोन मिनिटांत एक मूर्ती. संग्रहालयाचाही वेळ वाचेल आणि पत्रात फक्त फोटोची परवानगी मागितली की काम झालं.

साचेकाम

घनमीटर, ImageJ मीही वापरते, त्याच्याशी भांडण नाही. पण या कामात टेबलावर ठेवलेली पट्टी घात करते. आकडे मांडून दाखवते.

मूर्ती टेबलावर उताणी आहे, पट्टी तिच्याशेजारी टेबलावर, मोबाईल ४० सेंटिमीटर वर. अख्खी मूर्ती ४ सेंटिमीटर जाडीची असेल तर चेहरा लेन्सपासून ३६ सेंटिमीटरवर येतो, पट्टी मात्र ४० वर. जवळचं मोठं दिसतं. ४० भागिले ३६, म्हणजे चेहरा ११ टक्के मोठा मोजला जाणार. ३० मिलिमीटरचा चेहरा ३३.३ भरेल.

आता दुसरी मूर्ती त्याच साच्यातली, पण शिवणीवर सुटून नुसती पुढची टरफलासारखी बाजू उरलेली, जाडी दीड सेंटिमीटर. तिचा चेहरा ३८.५ सेंटिमीटरवर. तिथे चूक जेमतेम चार टक्के, माप ३१.२. एकाच साच्यातल्या दोन मूर्ती, आणि फोटोवरून दोन मिलिमीटरचा फरक. हिने तो पिढीचा फरक समजून लिहिला की प्रकरण कोसळलं. साच्याच्या एका पिढीत जेवढा फरक पडतो त्याच घरातली चूक कॅमेराच घालतो, म्हणून इथे फोटो मापाची जागा घेऊ शकत नाही.

उपाय अवघड नाही. पट्टी चेहऱ्याच्या पातळीला उचलायची, फोमच्या तुकड्यांवर ठेवून. कॅमेरा लांब न्यायचा, सव्वा मीटरच्या आसपास, आणि लांबची लेन्स वापरायची. १२० सेंटिमीटरवरून टेबलावरच्या पट्टीनेही चूक साडेतीन टक्क्यांवर येते, पट्टी उचलली की जवळपास जातेच. तरीही निकालाचं माप हाताने घेतलेलं असावं. फोटो पडताळ्यासाठी.

घनमीटर

मान्य, एका फोटोवरून मोजलं तर हे होतं. पण मी म्हणत होतो ते पुढे फोटोग्रामेट्रीपर्यंत जातं. वस्तूभोवती फिरून साठ-सत्तर फोटो, भोवती ज्ञात अंतराच्या खुणा, आणि त्रिमितीय प्रतिकृती तयार. तिच्यावर माप घेतलं की पातळीचा प्रश्नच उरत नाही. शिवाय तेरचा चेहरा आणि पैठणचा चेहरा संगणकावर एकमेकांवर ठेवून बघता येतो, जे व्हर्निअरने कधीच होणार नाही.

साचेकाम

ते बरोबर आहे आणि उत्तम काम होतं. पण साठ-सत्तर फोटो गुणिले चाळीस मूर्ती, प्रत्येक वेळी फिरता पाट आणि दिवे लावून, ते एम.ए.च्या वेळेत बसेल असं मला वाटत नाही. आणि "त्रिमितीय प्रतिकृती" हा शब्द परवानगीच्या पत्रात आला की पुढचे प्रश्न वेगळे. त्यावरून कुणी नक्कल छापून विकणार का, फाईल कुणाकडे राहणार.

घनमीटर

चाळीस नको, ज्या चार-पाच जोड्यांवर संशय आहे तेवढ्याच करा. मला तरी हे आत्ताच पत्रात घालावं असं वाटतं, नंतर वेगळी परवानगी मागण्यात सहा महिने जातील.

जुनी_किल्ली

यावर माझं मत साचेकाम ताईंकडे झुकतं, पण घनमीटर म्हणतात तो वेळेचा मुद्दाही खरा आहे. मी असतो तर मुख्य परवानगीत न घालता शेवटी एक स्वतंत्र वाक्य टाकलं असतं: "आवश्यकता भासल्यास पाच वस्तूंच्या त्रिमितीय नोंदीसाठी स्वतंत्रपणे विनंती करण्यात येईल." वरच्यांना सूचना मिळते, आणि आजचा कागद अडत नाही.

हळदीकुंकू

मी छायाचित्रकार आहे, लग्नाची आणि वस्तूंचीही. दोन गोष्टी सांगते. पत्रात "फ्लॅश वापरणार नाही" हे लिहा, आणि ते फक्त नियम म्हणून नका पाळू. समोरून फ्लॅश मारला की उठाव मरतो, नाकाची कड आणि हाराचे मणी सपाट दिसतात. डावीकडून वरून एकच दिवा, तिरपा, आणि समोरून पांढरा पुठ्ठा धरून सावली थोडी उजळायची. सगळ्या मूर्तींना दिवा त्याच कोनात, नाहीतर दोन मूर्तींच्या रेषा ताडून बघता येणार नाहीत.

आणि काळं मखमल पसरू नका. पांढरी वस्तू काळ्यावर ठेवली की कॅमेरा गोंधळतो आणि चेहरा जळतो. मध्यम राखाडी कागद आणा. मूर्तीसोबत क्रमांकाची चिठ्ठी प्रत्येक फ्रेममध्ये. घरी आल्यावर सगळे पांढरे चेहरे सारखेच दिसतात.

दगडूशेठ_नव्हे

माहिती अधिकार मागे घेतो. पण एक विचारतो, हातमोजे तर लागतीलच ना? पांढरे सुती मोजे, ते पत्रात लिहिलं की चांगला ठसा उमटतो.

साचेकाम

सुती नकोत. केओलिनवर सुती मोजा घसरतो, आणि खरखरीत कडेला धागा अडकला तर कपचा उडतो. मी नुसत्या धुतलेल्या, कोरड्या हातांनी मोजते. अंगठीही काढून ठेवते.

जुनी_किल्ली

ताई, आमच्याकडे नुसत्या हाताने वस्तू दिल्याचं मला आठवत नाही. आणि काही मूर्तींवर रंगाचे कण उरलेले असू शकतात, त्यांना घाम लागू नये. नायट्राइलचे पातळ मोजे घाल असं मी सांगेन.

साचेकाम

रंग उरला असेल तिथे नायट्राइल, हे पटतं. बाकीच्यांवर मोज्यातून व्हर्निअरचं टोक नीट जाणवत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि व्हर्निअर प्लास्टिकचं घे गं, स्टीलच्या टोकाने चरा उमटतो. टोकं नुसती टेकवायची, आवळायची नाहीत.

तेरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा नव्याने लिहिला आहे. सुधारून द्या.

> प्रति, मा. संचालक, पुरातत्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई.
> मार्फत: विभागप्रमुख, पुरातत्त्व विभाग.
>
> विषय: तेर व पैठण येथील शासकीय संग्रहालयांतील केओलिनच्या मृण्मूर्तींचे छायाचित्रण व मोजमाप करण्यास परवानगी मिळणेबाबत.
>
> महोदय,
> मी पुरातत्त्व विषयात एम.ए. करीत असून तेर व पैठण येथील सातवाहनकालीन मृण्मूर्ती एकाच साच्यातून, अथवा एकमेकींवरून पाडलेल्या साच्यातून घडविल्या गेल्या का, हा माझ्या लघुप्रबंधाचा प्रश्न आहे. मातीच्या आकुंचनामुळे साच्याच्या प्रत्येक पिढीत मूर्तीचा चेहरा लहान होतो. हा फरक केवळ प्रत्यक्ष मोजमापातून कळतो, म्हणून वस्तू कपाटाबाहेर पाहण्याची विनंती करीत आहे.
>
> तेर येथील २५ व पैठण येथील १५ मूर्तींची यादी, नोंदणी क्रमांकांसह, सोबत जोडली आहे. प्रत्येक मूर्तीची चेहरा व अलंकार यांवरील सहा मापे घेतली जातील व समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढली जातील. तेर येथे तीन व पैठण येथे दोन कामाचे दिवस पुरेसे होतील. शेवटच्या दिवशी काही मूर्तींचे पुनर्मापन केले जाईल.
>
> वस्तू कपाटातून काढणे व परत ठेवणे संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांकडूनच व्हावे, मी त्यांच्या उपस्थितीतच काम करीन. प्लास्टिकचे व्हर्निअर, फोमचे आसन व उष्णता न देणारा एक दिवा वापरीन. फ्लॅश वापरणार नाही. मूर्तीचा कोणत्याही पदार्थाने ठसा घेणार नाही, वस्तू स्वच्छ करण्याचा वा जोडण्याचा प्रयत्न करणार नाही.
>
> छायाचित्रांचा उपयोग लघुप्रबंधापुरता राहील. लेख अथवा अन्य स्वरूपात प्रसिद्धीसाठी स्वतंत्र परवानगी घेईन. सर्व छायाचित्रे व मापांचा तक्ता, नोंदणी क्रमांकानुसार लावून, काम संपताच दोन्ही संग्रहालयांना देईन. लघुप्रबंधाची प्रतही सादर करीन.
>
> सोबत: वस्तूंची यादी, मार्गदर्शकांचे शिफारसपत्र, ओळखपत्राची प्रत, मोजमापाच्या तक्त्याचा कोरा नमुना.

जुनी_किल्ली

हे पत्र मी आवक शिक्का मारून लगेच वर पाठवलं असतं. दोन बदल कर. तारखा सुचव, पण पर्याय ठेवून: "अमुक आठवडा, अथवा संग्रहालयाला सोयीचा अन्य काळ". शाळांच्या सहलींचे दिवस टाळ, डिसेंबर-जानेवारीत दालनात पाय ठेवायला जागा नसते आणि तुझ्याजवळ बसायला माणूस मिळणार नाही. साप्ताहिक सुट्टी कधी ते विचारून घे. आणि यादीत कपाट क्रमांकाचा रकाना घाल, म्हणजे एका कपाटातल्या मूर्ती एका दिवशी होतील, कुलूप वारंवार उघडावं लागणार नाही.

कोऱ्या तक्त्याचा नमुना जोडलास ते उत्तम. मूर्तीची आधीची तूटफूट लिहायचा रकाना त्यात हवाच. हात लावण्याआधी अभिरक्षकांसमोर तो भर आणि त्यांची सही घे. उद्या कुणी म्हणालं की हा कान तुझ्यामुळे तुटला, तर तो कागद तुझ्या बाजूने बोलेल, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याही.

दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन आवक क्रमांक लिहून ठेव. पुढे फोनवर "माझं पत्र" म्हणून नव्हे, तो क्रमांक सांगून विचारायचं.

साचेकाम

मागच्या बाजूचे फोटो घेशील तिथे आतल्या पोकळीचाही एक घे, सुटलेल्या मूर्तींत. माती बोटांनी दाबल्याच्या खुणा दिसतात. मापाचा विषय नाही, पण परत ही संधी मिळणार नाही. आणि चाळीसांत जोड्या किती निघतील याची खात्री नाही हे गृहीत धर. एकही जोडी न निघणं हाही निकालच आहे, फक्त त्यासाठी तुझ्या हाताची चूक किती ते लिहिलेलं हवं.

पाचवड

काका, दात्याचं नाव घालून तिसरं पत्र टाकतो. आजीच्या पेटीत आभारपत्र सापडलंय, त्यावर साल आहे.

घनमीटर

त्रिमितीय नोंदीचं वाक्य तुमच्या मसुद्यात दिसलं नाही. सोडून दिलं का?

तेरणाकाठ

सर म्हणाले, आत्ता नको. आधी मापं येऊ देत, जोड्या दिसल्या तर तेव्हा बघू. मला अजून दोन्ही बाजू पटतात. हातमोज्यांचंही पत्रात मुद्दामच लिहिलं नाही. नायट्राइलचे सोबत नेईन आणि अभिरक्षक सांगतील तसं करीन. यादीत कपाट आणि तूटफूट असे दोन्ही रकाने घातले. सोमवारी सरांची सही झाली की मुंबईला जाईल. तेरच्या अभिरक्षकांना या आठवड्यात भेटून येते, पैठणला पुढच्या.

जुनी_किल्ली

पैठणलाही आधी भेटच. नुसती प्रत पाठवून थांबू नकोस. आणि मंजुरी आली तर तिच्यातल्या अटी इथे टाक. प्रसिद्धीसाठी वेगळं शुल्क लावतात का, याबद्दल माझ्या वेळचं आता लागू असेलच असं नाही.